व्हिनेगरच्या टायट्रेशनचं उत्तर: ४.६, ४.६० की ४.५९९?

प्रश्न: टी.वाय.बी.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी बाजारातल्या पांढऱ्या व्हिनेगरची आम्लता काढली. ०.४१२८ ग्रॅम केएचपी वजन करून NaOH चं प्रमाणीकरण एकदा केलं, २०.२० मि.लि. लागले. मग १० मि.लि. व्हिनेगर १०० मि.लि. केलं, त्यातले २५-२५ मि.लि. घेऊन तीन टायट्रेशन केले: १९.१०, १९.१५, १९.१५. कॅल्क्युलेटरवर ४.५९९०५०२ टक्के येतं. मैत्रीण म्हणते ४.६ लिही, मी चार सार्थक अंकांच्या नियमाने ४.५९९ लिहिलं, मॅडम म्हणतात अनिश्चितता काढून मगच अंक ठरवा. ती नेमकी कशी काढायची? ब्युरेट, पिपेट, फ्लास्क सगळं ए क्लासचं आहे.

उत्तर:

मॅडमचा क्रम बरोबर आहे. आधी अनिश्चितता काढायची आणि ती सांगेल तिथे उत्तर तोडायचं. "सगळ्यांत कमी सार्थक अंक असलेल्या आकड्याइतकेच अंक उत्तरात ठेवा" हा नियम अनिश्चितता माहीत नसताना वापरायचा अंदाज आहे. तुमच्या बाबतीत तो चार अंक देतो. पण नुसतं ४.५९९ वाचणारा समजतो की शंका असलीच तर ०.००१ च्या आसपास आहे. खरी शंका त्याच्या वीसेकपट आहे, हे खाली दिसेल.

पूर्ण हिशेब एका ओळीत मांडला की पुढचं सगळं सोपं जातं. प्रमाणीकरण, विरलीकरण आणि टायट्रेशन वेगवेगळे हिशेब म्हणून सोडवू नका, कारण मग काय कशाशी जोडलेलं आहे ते दिसेनासं होतं.

```
A = (m·P / M_KHP) × (V2 / V1) × V100 / (V10 × V25) × M_acid × 100
```

इथे m म्हणजे केएचपीचं वजन, P त्याची शुद्धता, V1 प्रमाणीकरणाचं वाचन, V2 व्हिनेगरच्या वाचनांची सरासरी (१९.१३३), आणि A म्हणजे १०० मि.लि. व्हिनेगरमधलं अॅसिटिक आम्ल ग्रॅममध्ये. केएचपीचा रेणुभार २०४.२२ आणि अॅसिटिक आम्लाचा ६०.०५२ घातला की तुमचं ४.५९९ येतं. रेणुभारांची स्वतःची अनिश्चितता इतकी किरकोळ आहे की ती सोडून द्यायला हरकत नाही.

सूत्रात सगळीकडे गुणाकार-भागाकार आहेत. त्यामुळे प्रत्येक घटकाची अनिश्चितता त्या घटकाच्या टक्क्यांत काढायची, तिचे वर्ग करायचे, बेरीज करायची आणि वर्गमूळ घ्यायचं. वजाबाकी असेल तिथे मात्र टक्के चालत नाहीत, तिथे मूळ एककातच वर्ग मिळवायचे. केएचपीचं वजन म्हणजे दोन वाचनांची वजाबाकी असते: बाटलीसकट आणि नुसत्या बाटलीचं. चार दशांशांच्या तराजूवर प्रत्येक वाचनाला ०.१ मिलिग्रॅम धरले तर फरकाला ०.१ गुणिले २ चं वर्गमूळ, म्हणजे ०.१४ मिलिग्रॅम. ४१२.८ मिलिग्रॅममध्ये हे ०.०३ टक्के होतात.

काचसामानाच्या बाबतीत काचेवर छापलेला टॉलरन्स हाताशी असतो. १० मि.लि. ए क्लास पिपेटवर ±०.०२, २५ वर ±०.०३, १०० च्या फ्लास्कवर ±०.१०, ५० च्या ब्युरेटवर ±०.०५. तुमच्याकडच्या काचेवरचा आकडा वाचून खात्री करून घ्या. हा टॉलरन्स म्हणजे प्रमाण विचलन नव्हे. तो एवढंच सांगतो की खरं आकारमान या पट्ट्यात कुठेतरी आहे. पट्ट्यातली कुठलीही जागा सारखीच शक्य मानली तर टॉलरन्सला ३ च्या वर्गमूळाने भागायचं. कडेपेक्षा मध्याजवळ असण्याची शक्यता जास्त असं मानायला आधार असेल तर ६ च्या वर्गमूळाने भागतात. मी इथे पहिलं, म्हणजे थोडं सावध गणित धरतो. केएचपीच्या बाटलीवरची शुद्धताही याच पद्धतीने घ्यायची. ती १.००० ± ०.०००५ असेल तर ०.०३ टक्के.

आता तुमच्या तीन वाचनांकडे येऊ. १९.१०, १९.१५, १९.१५ यांचं प्रमाण विचलन ०.०२९ मि.लि. आहे. सरासरीसाठी ते ३ च्या वर्गमूळाने भागून ०.०१७, म्हणजे १९.१३ च्या ०.०९ टक्के. प्रमाणीकरण तुम्ही एकदाच केलंत. हात तोच, ब्युरेट तीच, एंड पॉइंट ओळखणारे डोळे तेच, म्हणजे तिथलं विचलनही तेवढंच धरायला हवं. पण वाचन एकच असल्यामुळे भागायला काही नाही. पूर्ण ०.०२९ लागू होतं आणि २०.२० चे ते ०.१४ टक्के होतात. व्हिनेगरवर तिप्पट मेहनत घेतली आणि ज्या NaOH वर सगळा डोलारा उभा आहे ते एकदाच तपासलं, असं झालंय.

आपल्याकडे प्रॅक्टिकलमध्ये सी.बी.आर. घ्यायची पद्धत आहे: दोन वाचनं जुळली की तोच आकडा पुढे न्यायचा. तुमच्या बाबतीत तो १९.१५ झाला असता आणि उत्तर ४.६०३ आलं असतं. उत्तरात फारसा फरक पडत नाही, पण अनिश्चिततेच्या हिशेबासाठी ही पद्धत घातक आहे. जुळलेली वाचनं ठेवून न जुळलेली टाकली की विचलन शून्य येतं, आणि शून्य विचलन म्हणजे आपला हात कधीच चुकत नाही असा दावा. ब्युरेटच्या टोकाला लटकणारा एक थेंबच साधारण ०.०५ मि.लि.चा असतो. तिन्ही वाचनं १९.१५ आली असती तरी मी शून्य लिहिलं नसतं. तीन वाचनांवरून काढलेलं प्रमाण विचलन स्वतःच फार डळमळीत असतं, ते निम्म्याने कमी-जास्त सहज निघू शकतं. त्यामुळे वर्षभरात त्याच ब्युरेटवर केलेल्या सगळ्या टायट्रेशनच्या नोंदी एकत्र करून एक विचलन काढून ठेवावं आणि तेच वापरावं. तुमचं ०.०२९ मात्र त्या मानाने सुदैवी निघालं. सवयीच्या हातासाठी ०.०३ मि.लि. हा मला पटणारा आकडा आहे.

यापुढच्या दोन गोष्टी बहुतेकांच्या हिशेबात सुटतात, म्हणून त्यांच्यावर थोडा वेळ घालवतो.

पहिली गोष्ट ब्युरेटची. तिचा टॉलरन्स ±०.०५, ३ च्या वर्गमूळाने भागला की ०.०२९. हा V1 साठी एकदा आणि V2 साठी एकदा घातला तर प्रत्येकी सुमारे ०.१५ टक्के होतात आणि यादीतल्या सगळ्यांत मोठ्या आकड्यांत जाऊन बसतात. पण सूत्र पाहा: V2 वर आहे, V1 खाली आहे, आणि दोन्ही एकाच ब्युरेटवर, दोन्ही वेळा शून्यापासून सुरू करून, जवळजवळ एकाच खुणेपर्यंत मोजलेत. समजा तुमची ब्युरेट त्या भागात ०.०४ मि.लि. कमी देते. मग खरे आकडे २०.१६ आणि १९.०९३. मोजलेलं गुणोत्तर ०.९४७१९, खरं गुणोत्तर ०.९४७०९. फरक ०.०१ टक्के. ब्युरेटची चूक वर-खाली कटून गेली.

वर्गांची बेरीज करायचा नियम घटक एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच लागू होतो, आणि हे दोन स्वतंत्र नाहीत. २० आणि १९ या खुणांवरची चूक तंतोतंत सारखी नसेल म्हणून मी उरलेली ०.०१ मि.लि., म्हणजे ०.०५ टक्के, ठेवतो. ही सूट मिळवण्यासाठी अट पाळावी लागते. प्रमाणीकरण ० ते २० मध्ये केलं आणि व्हिनेगर न भरता २० ते ३९ मध्ये केलं, किंवा मध्येच ब्युरेट बदलली, तर ही सूट गेली आणि दोन्ही ०.१५ परत येतात. फिनॉल्फ्थॅलीनचा रंग टिकायला लागणारा जादाचा अंशही याच कारणाने बराचसा कटतो, दोन्ही टायट्रेशनमध्ये रंगाची तीच फिकट गुलाबी छटा गाठली असेल तर.

याची उलट बाजूही लक्षात ठेवा. एकच २५ मि.लि. पिपेट विरलीकरणासाठी आणि नंतर पुन्हा टायट्रेशनसाठी वापरली तर ती दोन्ही वेळा भागाकारात येते. तेव्हा तिची चूक कटत नाही, दुप्पट होते. तिथे ०.०७ चे वर्ग मिळवून चालणार नाही, सरळ ०.१४ धरावे लागतात.

दुसरी गोष्ट विरलीकरणाची. तुमची तिन्ही वाचनं एकाच १०० मि.लि. फ्लास्कमधून आली. २५ मि.लि. पिपेट भरताना हात जे कमी-जास्त करतो ते तीन वाचनांच्या विस्कळीतपणात आपोआप मोजलं गेलं, ते वेगळं धरायचं नाही. पण १० मि.लि. पिपेट तुम्ही एकदाच भरलीत. त्या वेळी खुणेपेक्षा थोडं जास्त गेलं असेल तर तिन्ही टायट्रेशन सारखेच जास्त येणार आणि आपसात छान जुळणारही. जुळलेल्या वाचनांना या चुकीचा पत्ताच लागत नाही. म्हणून १० मि.लि.साठी टॉलरन्सचे ०.०१२ आणि भरण्यातल्या फरकाचे ०.०१, असे दोन्ही घ्यायचे. वर्ग मिळवून ०.०१५ मि.लि. होतात. आकडा छोटा वाटतो, पण १० मध्ये तो ०.१५ टक्के आहे आणि तुमच्या पूर्ण प्रयोगातला हाच सर्वांत मोठा वाटा निघतो.

आता सगळे वाटे एकत्र मांडू.

| घटक | अनिश्चितता (टक्के) | वर्ग |
|---|---|---|
| केएचपीचं वजन | ०.०३४ | ०.००१२ |
| केएचपीची शुद्धता | ०.०२९ | ०.०००८ |
| प्रमाणीकरण, एकच वाचन | ०.१४३ | ०.०२०४ |
| व्हिनेगर, तीन वाचनांची सरासरी | ०.०८७ | ०.००७६ |
| ब्युरेटची उरलेली चूक | ०.०५० | ०.००२५ |
| १० मि.लि. पिपेट | ०.१५३ | ०.०२३४ |
| १०० मि.लि. फ्लास्क | ०.०५८ | ०.००३३ |
| २५ मि.लि. पिपेट | ०.०६९ | ०.००४८ |

वर्गांची बेरीज ०.०६४०, वर्गमूळ ०.२५ टक्के. ४.५९९ चे ०.२५३ टक्के म्हणजे ०.०११६. ही झाली प्रमाण अनिश्चितता. अहवालात साधारण ९५ टक्के खात्रीसाठी ती दुप्पट करून लिहितात, म्हणजे k = 2, आणि ती ०.०२३३ येते.

अंक ठरवायची वेळ आता आली. अनिश्चितता स्वतः एक किंवा फार तर दोन सार्थक अंकांत लिहायची, आणि ती जिथे संपते त्याच दशांश स्थानावर उत्तर तोडायचं. दोन अंक ठेवले तर ४.५९९ ± ०.०२३, एक ठेवला तर ४.६० ± ०.०२. दोन्ही बरोबर आहेत. अनिश्चिततेचा पहिला अंक १ किंवा २ असेल तेव्हा मी दोन अंक ठेवतो, कारण ०.०२३३ चं ०.०२ केलं की अनिश्चिततेचा सातवा हिस्सा नुसत्या तोडण्यात हरवतो. पहिला अंक ५, ६, ७ असता तर एक अंक पुरला असता. जर्नलमध्ये ओळ अशी लिहा: "आम्लता (अॅसिटिक आम्ल म्हणून) = (४.५९९ ± ०.०२३) ग्रॅम प्रति १०० मि.लि., k = 2". शेवटचा तुकडा गाळू नका. तो नसेल तर ± मागचा आकडा प्रमाण अनिश्चितता आहे, दुप्पट केलेली आहे की टॉलरन्स आहे, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

मैत्रिणीच्या ४.६ मध्ये अडचण आहे. अनिश्चितता न लिहिता नुसतं ४.६ म्हटलं तर वाचणारा ४.५५ ते ४.६५ मधलं काहीही समजेल, म्हणजे तुम्ही मेहनतीने मिळवलेली अर्धी माहिती फेकून दिलीत. ४.६० मधला शून्य मोजून मिळवलेला अंक आहे, तो ठेवायलाच हवा. आणि तुमचं ४.५९९ अंकांच्या दृष्टीने चालतं, पण ± ०.०२३ शेजारी असेल तरच.

मधल्या पायऱ्यांवर मात्र अंक तोडू नका. NaOH ची तीव्रता ०.१०००६७ येते, तिचं ०.१००१ केलं तर उत्तर ४.६००६ होतं. इथे नुकसान थोडं आहे. पण व्हिनेगरची मोलॅरिटी ०.७६५८ ऐवजी ०.७७ लिहून पुढे गेलात तर ४.६२ येतं. प्रयोगातल्या आठही घटकांनी मिळून जेवढी अनिश्चितता दिली, जवळजवळ तेवढीच चूक एका तोडण्याने घातली. कॅल्क्युलेटरच्या स्मृतीत पूर्ण आकडा राहू द्या आणि फक्त शेवटी एकदा तोडा.

वरच्या तक्त्याचा खरा उपयोग पुढचा प्रयोग ठरवताना होतो. पाच दशांशांचा तराजू मिळवून वजनाची अनिश्चितता पूर्ण शून्यावर आणली तरी ०.२५३ चं ०.२५१ होईल. त्या तराजूसाठी दुसऱ्या विभागात हेलपाटे मारण्यात अर्थ नाही. प्रमाणीकरण तीनदा केलंत तर बेरीज ०.०५०४ वर येते आणि अनिश्चितता ०.२२ टक्क्यांवर. त्यापुढे १० मि.लि. पिपेटमधून डिस्टिल्ड पाणी तराजूवरच्या झाकणाच्या बाटलीत सोडून, पाण्याच्या त्या तापमानाच्या घनतेने भागून पिपेटचं खरं आकारमान काढा, आणि टॉलरन्सऐवजी तोच आकडा सूत्रात घाला. विरलीकरणही दोन वेगळ्या फ्लास्कमध्ये दोनदा करा, म्हणजे भरण्यातला फरक वाचनांत दिसू लागेल.

तापमानाबद्दल. भारतीय मानकांचं काचसामान २७ अंश सेल्सिअसला धरून केलेलं असतं, परदेशी बहुधा २० ला, आणि काचेवर ते छापलेलं असतं. आपल्याकडच्या तापमानाला पाणी दर अंशाला साधारण ०.०३ टक्के प्रसरण पावतं. सगळं काम एकाच बैठकीत झालं असेल तर सूत्रातली आकारमानं एकमेकांना बरीचशी कापतात. पण मार्चमध्ये सकाळी आठला २४ अंशांवर NaOH चं प्रमाणीकरण केलं आणि दुपारी दोनला ३२ अंशांवर व्हिनेगर टायट्रेट केलं, तर तेच NaOH सुमारे ०.२३ टक्के विरळ झालेलं असतं. तक्त्यातल्या कुठल्याही घटकापेक्षा हे मोठं आहे. तुम्ही वेळ लिहिलेली नाही. दोन्ही एकाच सत्रात केले असतील तर वरचा हिशेब लागू आहे.

या आकड्यात न बसणाऱ्या गोष्टीही असतात. ब्युरेटच्या तोटीत अडकलेला हवेचा बुडबुडा टायट्रेशनच्या मध्येच सुटला, किंवा NaOH ची बाटली प्रमाणीकरणानंतर आठवडाभर सैल बुचाने राहिली आणि तिने हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषला, तर उत्तर सरकतं आणि ± ०.०२३ ला त्याची खबर नसते. बुडबुडा एखाद्या वाचनात उडी मारून दिसतो. NaOH ची तीव्रता घटली तर मात्र प्रत्येक वाचन सारखंच वाढतं, म्हणून ती चूक वाचनांत दिसत नाही.

ती ओळखायची एक रीत आहे. शुद्ध ग्लेशियल अॅसिटिक आम्ल वजन करून साधारण ४.६ टक्क्यांचं द्रावण स्वतः बनवा आणि ते अनोळखी नमुना असल्यासारखं विरलीकरणापासून पूर्ण प्रक्रियेतून न्या. मिळालेला आकडा तुम्ही बनवलेल्या आकड्यापासून ०.०२ ते ०.०३ च्या आत असेल तर तक्ता पटण्याजोगा आहे. ०.०८ चा फरक पडला तर तक्त्यात काहीतरी राहून गेलंय, आणि ते सापडेपर्यंत व्हिनेगरचा आकडा कुणाला देऊ नका.

शेवटी, प्रोजेक्टमध्ये तुम्ही या आकड्याची तुलना नक्कीच कशाशी तरी करणार. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत व्हिनेगरला किमान ३.७५ टक्के आम्लता लागते. तुमचं ४.५९९ ± ०.०२३ त्याच्या खूप वर आहे, तिथे वादच नाही. पण पुढच्या ब्रँडचं उत्तर ३.७६ ± ०.०२ आलं तर "नियमात बसतो" असं ठामपणे लिहू नका. खरा आकडा ३.७४ असण्याची शक्यता त्या पट्ट्यात आहे. अशा वेळी निष्कर्षात लिहा की मोजलेला आकडा मर्यादेच्या वर आहे, पण अनिश्चितता धरता तो मर्यादेपेक्षा वेगळा काढता येत नाही, आणि तीनदा केलेलं प्रमाणीकरण व तपासलेली पिपेट घेऊन तो नमुना पुन्हा करा.